लिफ्टवाल्याची साखर

हॉस्पिटलच्या तळघरात एक लांबलचक बोळ होता. त्याच्या एका टोकाला जीवरसायनाची प्रयोगशाळा आणि दुसऱ्या टोकाला लिफ्टच्या मशीनची खोली. मधे एक बाकडं. ते कुणी, कधी आणि कशासाठी ठेवलं, हे विचारायला आता जुनं कुणी उरलेलं नव्हतं.

प्रयोगशाळेतल्या बाईंना सगळे ‘तळघरातल्या बाई’ म्हणायचे. त्यांच्या तोंडावर ‘मॅडम’, पाठीमागे तळघरातल्या. बाईंना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं, कारण तळघरात त्या खरंच होत्या. माणसं वर असायची, खाली त्यांच्या नळ्या यायच्या. नळीवर आकडा असायचा, नाव नसायचं. बाईंनी इतकी वर्षं माणसांशी संबंध ठेवला तो असा, पाच मिलिलिटरच्या अंतरावरून.

बोलायला त्यांना म्हातारी होती. म्हातारी म्हणजे अमिनो आम्लं मोजायचं यंत्र. ते जुनं झालं होतं, पंपाला दम लागायचा, थंडीत रुसायचं. बाई सकाळी आल्या की त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायच्या, “उठा, आजी. कामं पडलीत.” घरी गेल्यावर थाप मारायला कुणी नव्हतं. आई होती तोवर तिच्या औषधांच्या वेळांवर घर चालायचं. ती गेल्यावर घड्याळं चालत राहिली, पण नुसतीच.

बाकड्यावर दुपारी लिफ्टवाला बसायचा. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा माणूस, पन्नाशीकडे झुकलेला, अंगाने काटकुळा. बाईंना तो वर्षानुवर्षं दिसत होता. डबा उघडायचा, त्यात दोन-तीन उकडलेली अंडी, चीजचा तुकडा, आणि शेंगदाणे. ओंजळभर शेंगदाणे. पाव नाही, भात नाही, फळ नाही. भिंतीकडे तोंड करून खायचा, जणू काही चोरीचा माल आहे. बाई जाता-येता मान हलवायच्या, तोही हलवायचा.

एकदाच दोघं खरं बोलले होते. लिफ्ट अडकली होती आणि बाईंच्या नळ्या वरच लटकल्या होत्या, म्हणून त्या तावातावाने मशीनच्या खोलीत गेल्या. त्याने त्यांना दार उघडून आतलं दाखवलं होतं.

“मॅडम, ह्या दोरीच्या एका टोकाला डबा, दुसऱ्या टोकाला हे लोखंडाचं वजन. डबा वर जायचा तर वजन खाली यायला पाहिजे. वजन अडकलं की डबाही अडकला. मोटार कितीही गुरगुरू दे.”

“म्हणजे तुमचा डबा ठीक आहे आणि वजन आजारी आहे.”

“असंच समजा. लोक मात्र डब्याला शिव्या देतात.”

बाईंना हसू आलं होतं. त्यानंतर त्यांच्या वाढदिवसाला वरच्या मजल्यावरून कुणीतरी केक पाठवला, तेव्हा एक मोठा तुकडा कागदात घेऊन त्या बाकड्यापाशी गेल्या. त्याचा चेहरा असा झाला की जणू केक नाही, गोम पुढे केलीय. तरी त्याने हात पुढे करून घेतला, “थँक्यू मॅडम” म्हणाला. संध्याकाळी तो तुकडा मशीनच्या खोलीच्या कठड्यावर तसाच होता, मुंग्यांची रांग लागलेली. बाईंना वाईट वाटलं होतं. इतकं, की आपल्याला इतकं का वाईट वाटावं याचंही त्यांना वाईट वाटलं. पुन्हा त्यांनी त्याला काही दिलं नाही. मान हलवणं तेवढं चालू राहिलं.

अलीकडे तो बाकड्यावर नव्या डब्यासह दिसायला लागला होता. मऊ भात, उकडलेल्या भाज्या, कापलेली फळं, मध लावलेला पाव. तो हळूहळू, औषध घ्यावं तसं खायचा. बाईंच्या मनात आलं, लग्न केलं वाटतं ह्याने. मग बाकडं रिकामं पडलं. बाईंनी ते पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. कुणाला विचारणार?

त्या सकाळी अतिदक्षता विभागातून एक नळी आली. सोबतच्या कागदावर पुरुष, वय आणि दोन ओळी: रात्रीपासून भ्रमिष्ट, माणसं ओळखत नाही, रक्तातला अमोनिया फार चढलेला. यकृताचा कुठलाही मोठा आजार नोंदवलेला नाही.

बाईंनी म्हातारीला उठवलं. दुपारपर्यंत आलेख आला. सिट्रुलिन नावाच्या अमिनो आम्लाचं शिखर आभाळाला टेकलेलं. एवढं पाहिलं आणि बाईंच्या डोक्यात उत्तर तयार झालं. अमोनियाचं युरियात रूपांतर करणारी जी साखळी आहे, तिची एक कडी मोडलीय, सिट्रुलिन तिथेच तुंबलंय. बाकीच्या आकड्यांपैकी दोन नीट बसत नव्हते. ग्लुटामाइन वाढलेलं असायला हवं होतं, ते नव्हतं. बाई म्हणाल्या, “काय हो आजी, परत रुसलात?” आणि आर्जिनीन कमी असायला हवं होतं, ते उलट वर होतं. त्याचं उत्तरही बाईंनी स्वतःच देऊन टाकलं. अशा रुग्णाला आर्जिनीनची सलाईन लावतातच. वरच्यांनी आधीच लावली असणार, मग नळी भरली असणार.

वर फोन करून एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं. बाईंनी फोन केला, पण विचारायला नाही, सांगायला.

“डॉक्टर, युरियाच्या साखळीचा दोष दिसतोय. प्रथिनं पूर्ण बंद करा. आणि ग्लुकोजची सलाईन जोरात चालू ठेवा, म्हणजे शरीर स्वतःचं मांस जाळायला घेणार नाही.”

“चालू आहेच मॅडम. वाढवतो,” पलीकडचा तरुण डॉक्टर म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्याची भावना होती. आता काय करायचं ते कुणीतरी सांगितलं होतं.

सल्ला पुस्तकातला होता आणि शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना तो जगवतो. बाई त्या संध्याकाळी समाधानाने घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच आकड्याची नवी नळी आली. अमोनिया उतरायच्या ऐवजी चढला होता. बाईंनी फोन उचलला.

“डॉक्टर, आर्जिनीन किती देताय?”

“आर्जिनीन? ते आमच्याकडे नाहीये. मागवलंय, उद्या येईल.”

“म्हणजे काल नळी भरली तेव्हा...”

“काहीच दिलं नव्हतं. फक्त ग्लुकोज.”

बाईंनी फोन ठेवला आणि कालचा आलेख पुन्हा समोर धरला. म्हातारी रुसली नव्हती. म्हातारीने सगळं नीट सांगितलं होतं, ऐकणारीने अर्धं ऐकलं होतं. आर्जिनीन वर. ग्लुटामाइन वाढलेलं नाही. थ्रिओनीन सेरीनच्या मानाने जास्त. असा माणूस बाईंनी पुस्तकात पाहिला होता, पण आयुष्यात कधी नाही. त्या उठल्या, आणि किती तरी दिवसांनी लिफ्टने वर गेल्या.

काचेमागच्या खाटेवर लिफ्टवाला होता.

त्याचे हात पट्ट्यांनी खाटेला बांधले होते, कारण तो सारखा हवेत काहीतरी पकडू पाहत होता. डोळे उघडे होते, पण त्यात कुणी नव्हतं. बाजूच्या खांबाला ग्लुकोजची बाटली लटकत होती, थेंब थेंब गोड पाणी त्याच्यात उतरत होतं. बाईंना तो कागदातला केक आठवला. त्याचा तो चेहरा. मुंग्यांची रांग. आणि ओंजळभर शेंगदाणे, भिंतीकडे तोंड करून.

“ह्यांच्या घरचं कोण आहे?”

“बहीण. बाहेर बसलीय. आणि मॅडम, मेंदूला सूज येतेय, तर ती उतरवायला ग्लिसरॉलची सलाईन सांगितलीय. येतेच आहे,” तरुण डॉक्टर म्हणाला. तो रात्रभर झोपला नव्हता हे त्याच्या शर्टाच्या मोडलेल्या इस्त्रीवरून कळत होतं.

“ती लावू नका. आणि ही बाटलीही बंद करा.”

“मॅडम, काल तुम्हीच सांगितलं साखर द्या.”

“हो. काल मी चुकले.”

हे वाक्य बाईंनी अगदी सरळ म्हटलं. डॉक्टरने हाताची घडी घातली. “मला नीट समजावून सांगा. मला वर उत्तर द्यायचंय.”

बाईंनी त्याच्याच खिशातलं पेन काढलं आणि चादरीच्या रिकाम्या वेष्टनावर दोन रेघा मारल्या.

“ही मायटोकॉन्ड्रियाची आतली भिंत. बाहेर पेशीचं अंगण. अंगणात साखर फुटते आणि एनएडीएच तयार होतो. त्याच्या डोक्यावर इलेक्ट्रॉनांचं ओझं. ते आत भट्टीपर्यंत न्यायचं असतं. पण एनएडीएच स्वतः ह्या भिंतीतून जाऊ शकत नाही.”

“शटल. मॅलेट-अ‍ॅस्पार्टेट. पहिल्या वर्षाला होतं,” डॉक्टर म्हणाला, परीक्षेत विचारल्यासारखा.

“तेच. अंगणातला ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट ते ओझं घेतो आणि त्याचा मॅलेट होतो. मॅलेट एका दारातून आत जातो. त्याच्या बदल्यात कीटोग्लुटारेट बाहेर येतो. आत मॅलेट ओझं उतरवतो, आतला एनएडीएच तयार होतो, आणि मॅलेटचा परत ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट होतो. तो तसाच बाहेर येऊ शकत नाही. मग तो अ‍ॅस्पार्टेटचं रूप घेऊन दुसऱ्या दारातून निघतो, आणि त्या दारातून ग्लुटामेट आत जातो. अंगणात अ‍ॅस्पार्टेटचा पुन्हा ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट. फेरी पूर्ण.” बाईंनी दुसऱ्या दारावर फुली मारली. “यकृतातलं हे दुसरं दार ह्या माणसात जन्मापासून बिघडलंय. अ‍ॅस्पार्टेट बाहेर येत नाही.”

“आणि युरियाच्या साखळीत सिट्रुलिनशी जोडायला अ‍ॅस्पार्टेटच लागतो,” डॉक्टर हळूच म्हणाला. त्याची हाताची घडी सुटली.

“म्हणून सिट्रुलिन तुंबलं आणि अमोनिया चढला. साखळीची कडी मोडलेली नाही, कडीला माल पोचत नाहीये. आणि आपण अंगणात साखर ओततोय. प्रत्येक थेंबागणिक नवा एनएडीएच, आणि जायला वाट नाही.”

“पण दुसरं शटल आहे ना? ग्लिसरॉल फॉस्फेटचं?”

“आहे. त्याच्यावरच हा माणूस बराचसा निभावला असणार. तिथे ओझं आत जातच नाही. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला एक फ्लेविनवालं एन्झाइम बसलंय, त्याच्या हातात ग्लिसरॉल फॉस्फेट ओझं देतो आणि रिकामा परत फिरतो. ऊर्जा कमी मिळते, पण वाट मोकळी राहते. आता तुम्ही ग्लिसरॉलची बाटली लावाल, तर यकृत त्याचा ग्लिसरॉल फॉस्फेटच करेल. म्हणजे आपल्याला रिकामे हमाल हवेत, आणि आपण डोक्यावर ओझं असलेले पाठवतोय. दाराशी मावेल तेवढं ते देतील. बाकीचं अंगणातच टाकतील, आणखी एनएडीएच. सुजेसाठी मॅनिटॉल द्या, ते असं जळत नाही.”

डॉक्टरने त्या वेष्टनाकडे पाहिलं, मग खाटेकडे. “खात्री आहे तुम्हाला? जनुकाची तपासणी यायला आठवडे लागतील. आणि मी साखर बंद केली आणि तुमचं म्हणणं चुकीचं निघालं, तर हा जाईल.”

“मला बहिणीला एकच विचारू द्या.”

बहीण बाहेरच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. भावासारखीच काटकुळी. पिशवीतून डब्याची कड दिसत होती. भाऊ शुद्धीवर नसताना ती डबा घेऊन आली होती.

“ताई, तुमचे भाऊ गोड खातात का हो?”

बहिणीने आधी पाहिलं, हे कोण आणि असलं काय विचारतंय. मग थकलेलं हसली. “तो? अहो, जन्मल्यापासून नाही. साखरेचं बोट लावलं तर थुंकायचा. भात-पाव पण नको. शेंगदाणे द्या, अंडी द्या, मासे द्या. आई म्हणायची, हा पोरगा आहे की मांजर. लग्नाच्या पंगतीत नुसतं बसून राहायचा, लोकांना अपमान वाटायचा. एकदा मुलगी बघायला गेलो तर त्यांनी केलेलं गोड त्याने तोंडात घालून खिडकीतून थुंकलं. तिथेच मोडलं ते. मग आम्ही बोलवणंच सोडलं. बोलावलं की भांडण. आपला तो एकटा, त्याची खोली, त्याचे शेंगदाणे.”

“आणि हा डबा?”

“दवाखान्यात पोटाचं चित्र काढलं, तर म्हणाले यकृतावर चरबी आहे. अंडी, चीज, शेंगदाणे सगळं बंद. हलकं खा, भात, फळं, मध. तर मीच म्हटलं, मी देते करून. आणि पहिल्यांदा, ताई, पहिल्यांदा आयुष्यात त्याने माझ्या हातचं खाल्लं. नाक मुरडत, पण खाल्लं. मी रोज पाठवत होते. डबा रिकामा परत यायचा.”

बाईंनी तिच्या पिशवीकडे पाहिलं. मग उठून आत गेल्या आणि डॉक्टरला म्हणाल्या, “बंद करा.”

त्याने हात वर करून बाटलीची चकती फिरवली. थेंब थांबला.

त्या दिवशी बाई खाली गेल्या नाहीत. रक्तातली साखर खाली जाऊ नये इतकीच शिरेतून चालू ठेवली. नाकातून नळी घालून चरबी सुरू केली, यकृताला लगेच वापरता येईल अशी, मग प्रथिनंही. आर्जिनीन एका शेजारच्या हॉस्पिटलातून आणवलं. बाई काचेबाहेर उभ्या होत्या. त्यांना समजलं की इतकी वर्षं आपण उत्तरं खालून वर पाठवली, पण उत्तर लागू पडेपर्यंत माणूस कसा दिसतो ते पाहिलंच नव्हतं. तो अजिबात बरा दिसत नव्हता. तो हवेत पकडतच होता. एकदा त्याच्या बोटांनी दोरी ओढल्यासारखं केलं.

अमोनिया आधी थांबला. मग उतरायला लागला, कुरकुरत, जुन्या लिफ्टसारखा. त्याने पुन्हा माणसं ओळखली तेव्हा बाई तिथे नव्हत्या, म्हातारीपाशी होत्या. फोनवर तरुण डॉक्टर म्हणाला, “मॅडम, त्याने पहिलं काय विचारलं माहितेय? लिफ्ट चालू आहे का.”

बहिणीला सांगायचं काम डॉक्टर बाईंवर टाकून मोकळा झाला. बाईंना ते नको होतं. पण बहीणच एके दिवशी तळघरात उतरली आणि बोळात उभी राहून म्हणाली, “मला खरं सांगा. माझ्या डब्यामुळे झालं ना?”

बाईंना खोटं बोलता येत होतं. आईच्या शेवटच्या दिवसांत त्या रोज बोलल्या होत्या. त्या बाकड्यावर बसल्या, तिलाही बसवलं.

“त्यातल्या भातामुळे आणि मधामुळे, हो. ज्यांनी अंडी बंद करायला सांगितली त्यांनाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, मी तर साखरेची बाटली आणखी वाढवायला लावली. तुमच्या भावाच्या शरीराला माहीत होतं. ते लहानपणापासून सांगत होतं.”

बहिणीने डोळे पुसले नाहीत, कारण ते ओले झालेच नव्हते. कोरडेच लाल होते.

“आम्ही त्याला नखरेल म्हणायचो,” ती म्हणाली. “आणि जेव्हा त्याने आमचं ऐकलं, तेव्हा मरायला टेकला.”

बाईंनी म्हातारीच्या पाठीवर मारायची तशी थाप तिच्या पाठीवर मारली. दुसरी कुठली त्यांना येत नव्हती.

तपासणीचा निकाल बाई म्हणाल्या तोच आला. पण यकृत बरंच खचलं होतं, नवं मिळेपर्यंत जपायचं होतं. कंपनीने त्याला लिफ्टच्या कामावरून काढून कार्यालयात बसवलं. अशा माणसाला लिफ्टच्या खड्ड्यात उतरवायचं नाही, असा नियम निघाला. तळघरात आता दुसराच कुणी येतो, तरणा, कानात तारा घातलेला. तो बाकड्यावर बसत नाही.

बाई बसतात. दुपारी डबा घेऊन बोळात येतात आणि भिंतीकडे तोंड करून नाही, लिफ्टकडे तोंड करून खातात. कधी लिफ्ट रिकामीच खाली येते, दारं उघडतात, आत कुणी नसतं, दारं मिटतात. बाईंना त्याची सवय होत चालली होती.

एका दुपारी दारं उघडली आणि आत तो होता. वरती तपासणीसाठी आला होता. अंगावर स्वेटर, चेहरा पिवळसर, हातात डबा. त्याने मान हलवली. बाईंनीही हलवली आणि बाकड्यावर थोडं सरकल्या.

तो बसला. डबा उघडला. बहिणीने भरलेला होता, ते घड्यांवरून कळत होतं. अंडी वेगळी, माशाचा तुकडा वेगळा, शेंगदाणे सोललेले. कुणीतरी एकेक दाणा सोलत बसलं होतं.

“बहीण विचारते, तुम्ही म्हणता ते दार कसं बिघडलंय,” तो म्हणाला. “मला नीट सांगता येत नाही.”

“तिला सांगा, वजन खाली येत नाही म्हणून डबा वर जात नाही.”

त्याने चावायचं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. मग मान डोलावली, कामातलं काहीतरी पटल्यासारखी. बाईंनी आपल्या डब्यातलं सफरचंद कापलं, सवयीने फोड त्याच्यापुढे धरली, आणि त्याचा चेहरा पाहून मागे घेतली.

“त्या केकचं,” तो म्हणाला, “मला वाईट वाटलं होतं. फेकून देववेना, म्हणून तिथे ठेवला.”

“मुंग्यांनी खाल्ला.”

“त्यांचं दार ठीक असेल.”

वर कुठेतरी कुणीतरी बटण दाबलं. लिफ्ट हलली आणि दोरी कुरकुरली. त्याने कान टवकारले, हात गुडघ्यावरून अर्धा उचलला, आणि मग तो हात कुठे ठेवायचा हे न कळल्यासारखा परत खाली ठेवला.

“वंगण नाही घातलंय,” तो म्हणाला.

“सांगू का त्या पोराला?”

“नको. ऐकणार नाही.”

डबा वर गेला. आता वजन खाली येत असणार, भिंतीच्या आत, दिसत नाही तिथे. दोघं ते ऐकत खात राहिले, तो त्याचे शेंगदाणे, बाई आपलं सफरचंद, आणि बाकड्यावर दोघांच्या मधे अजून एका माणसाची जागा रिकामी होती.